पोटातलं हाड

शंभुलिंगच्या डोक्याचं हाड त्याच्या पोटात होतं. ही काही बोलायची तऱ्हा नव्हे. खरोखर होतं. नळदुर्गच्या हायवेवर पिकअपनं उडवल्यावर त्याला सोलापूरला नेलं, मेंदूला सूज आली म्हणून डॉक्टरांनी डाव्या अंगाची कवटी तळहाताएवढी कापून काढली आणि ती खराब होऊ नये म्हणून बेंबीच्या उजव्या बाजूला कातडीखाली शिवून ठेवली. सूज उतरली की परत बसवू म्हणाले. सूज उतरली. हाड मात्र पोटातच राहिलं.

गणपतीच्या आधीची गोष्ट. आता माघ लागला होता.

"तिथं ते कायमचं राहत नाही, बाई," डॉक्टर अयोध्याला म्हणाले होते. "शरीर ते हळूहळू शोषून घेतं. कडा झिजतात. मग बसवायला गेलं तर बसत नाही. लवकर आणा."

लवकर आणा म्हणायला डॉक्टरच्या बापाचं काय जातं? पहिलं ऑपरेशन सरकारी योजनेत झालं. दुसऱ्याला मंजुरी आली नाही, आणि का आली नाही हे सांगायला त्या खिडकीवर कधी माणूस सापडला नाही. शंभुलिंगचं पंक्चरचं दुकान बंद होतं. घरात कमावणारा तो एकटा. अयोध्या लोकांच्या रानात हरभरा काढायला जात होती, आणि त्या मजुरीत चूल पेटते, कवटी बसत नाही. उरला होता कोर्टातला दावा. पिकअपवाला, गाडीचा मालक आणि विमा कंपनी, तिघांवर लावलेला. कंपनीची कैफियत, म्हणजे लेखी उत्तर, येऊन पडली होती, वादाचे मुद्दे निघाले होते, आणि पुराव्याला तारीख पडली होती ती उन्हाळ्याच्या सुट्टीच्या पलीकडची. कोर्टाला सुट्टी असते. हाडाला नसते.

रोज सकाळी अयोध्या नवऱ्याच्या पोटावर हात ठेवून ते हाड चाचपायची. कातडीखाली बशीसारखी कड लागायची. कड लागली की ती उठून चुलीकडं जायची.

शंभुलिंग आडवा असला की डोक्याची ती बाजू फुगायची. उठून बसला की आत जायची, खळगा पडायचा, आणि त्या खळग्यात कातडी धडधडायची. शेजारच्या बाया बघायला यायच्या आणि न बघता जायच्या. तो बोलायचा नीट, जेवायचा नीट, कुठल्या टायरला किती हवा लागते ते झोपेतसुद्धा सांगायचा. फक्त मधेच बोलता बोलता थांबायचा. हात पोटावर जायचा. मान खाली घालून ऐकायचा.

"काय व्हतंय?"

"हाक मारतोय."

"कोण?"

"तो. आत बसलाय की. मांडी घालून."

हे ऐकून तुळजाबाईच्या, म्हणजे त्याच्या आईच्या, हातातलं सूप खाली पडलं होतं. त्यांच्यात माणूस गेला की जाळत नाहीत. बसवून पुरतात, मांडी घालून, अंगाला विभूती फासून. म्हातारी त्या दिवसापासून रोज संध्याकाळी लेकाच्या पोटावर विभूतीची तीन बोटं ओढायला लागली. अयोध्यानं हटकलं तर म्हणाली, "अर्धा पुरलाय गं माझा ल्योक. जिता हाय तवर वर काढा त्याला."

अयोध्याला राग आला. म्हातारीचा नव्हे. म्हातारी बरोबर बोलली याचा.

*

धाराशिवच्या कोर्टात समृद्धी वकिलाचं टेबल वरच्या मजल्यावर, जिन्याच्या वळणावर होतं. पोरगी नवीन होती, पण दावा तिनंच लावला होता आणि फोन उचलायची. तेवढं पुष्कळ होतं.

"तारीख अलीकडं घ्या म्हणून अर्ज देऊ," ती म्हणाली. "अर्ज कोर्टाच्या ऑफिसात द्यायचा, ते साहेबांपुढं ठेवतात. मग विमा कंपनीचं म्हणणं मागवतात, आणि मग साहेब ठरवतात. पुरावा लवकर झाला तर कंपनी तडजोडीला येते, लोकअदालतीत मिटतं. पण घाई का, हे पटलं पाहिजे. घाई तर सगळ्यांनाच असते, अयोध्याताई. इथं बाहेर बसलेल्या कुणालाही विचारा."

"हाड इरघळाय लागलंय म्हणून लिवा."

समृद्धीची बोटं कीबोर्डवर थांबली. तिला कवटी काढल्याचं माहीत होतं. पोटातलं माहीत नव्हतं. दवाखान्याच्या कार्डावर ते इंग्रजीत लिहिलं होतं, अशा अक्षरात की लिहिणाऱ्यालाही वाचता आलं नसतं.

तिनं अयोध्याकडं बराच वेळ बघितलं आणि जसं सांगितलं तसं लिहिलं. वर 'मा. सदस्य, मोटार अपघात दावा न्यायाधिकरण, धाराशिव', खाली 'प्रकरण लवकर सुनावणीस घेणेबाबत अर्ज'. मग: 'अर्जदार हा कुटुंबातील एकमेव कमावता आहे. अर्जदाराच्या डोक्याचे काढलेले हाड डॉक्टरांनी त्याच्या पोटात कातडीखाली ठेवलेले आहे. ते दिवसेंदिवस झिजत आहे. पूर्ण झिजल्यास ते परत बसविता येणार नाही.'

"वाचून दाखवू?"

"नगं," अयोध्या म्हणाली. "म्या रोज हातानं वाचते."

मग समृद्धीनं एक गोष्ट बजावली. कंपनीच्या कैफियतीत लिहिलं होतं की शंभुलिंग स्वतःच रस्त्यात आला, चूक त्याची. "ते हाकेचं कुणापुढं बोलायचं नाही. त्यांनाही सांगा."

हाकेचं असं होतं. त्या दिवशी सिमेंटच्या ट्रकचं टायर बसलं होतं, शंभुलिंग रस्त्याच्या कडेला जॅक लावून नट सोडवत होता. मागून कोणीतरी त्याला पूर्ण नावानं हाक मारली. बापाच्या नावासकट. दुकानावर त्याला सगळे शंभू म्हणायचे, नाहीतर पंक्चरवाले. पूर्ण नावानं नळदुर्गात त्याला कोणी ओळखतसुद्धा नव्हतं. तो 'ओ' म्हणून उठला आणि एक पाऊल मागं सरला. ट्रकचा ड्रायव्हर समोरच उभा होता. त्याला कुठलीच हाक ऐकू आली नव्हती.

*

समृद्धीला त्याच दिवशी दुपारी तुळजापूरच्या कोर्टात जामिनाचं काम होतं. अर्ज देण्याचं तिनं वीरभद्रवर सोडलं. वीरभद्र म्हणजे तिच्या सिनियरचा मुन्शी, कपाळावर आडवी विभूती, खिशात तीन पेनं, कोर्टातल्या प्रत्येक खुर्चीला नमस्कार घालणारा.

ऑफिसातल्या खिडकीमागं पंचाक्षरी नावाचे बाबू होते. त्यांनी अर्ज हातात घेतला, चष्मा वर केला, ओठ हलवत वाचला आणि एकदम मोठ्यानं म्हणाले, "डोक्याचे हाड पोटात?"

मागच्या टेबलावरचे दोघं हसले.

"वीरभद्र, काय लिहिलंय हे? वकीलबाईंचं लक्ष कुठं होतं? एका ओळीतला शब्द दुसऱ्या ओळीत गेलाय."

"खरंच हाय साहेब," अयोध्या खिडकीला तोंड लावून म्हणाली. "पोटातच हाय."

"बाई, तुम्ही थांबा. डोक्याचं दुखणं वेगळं लिहायचं, पोटाचं वेगळं. हा असला कागद साहेबांपुढं ठेवला तर साहेब मला विचारतील, तुमचं डोकं कुठंय म्हणून." मागचे परत हसले. "दुरुस्त करून आणा. नाहीतर हरकत लिहितो, मग बसा."

"ओ पण माझ्या नवऱ्याचं—"

"चला ताई, चला," वीरभद्र तिला बाजूला घेत म्हणाला. "हरकत निघाली की अर्ज इथंच पडतो. मी करतो ना सरळ."

आणि त्यानं सरळ केलं. झेरॉक्सच्या दुकानात जाऊन, समृद्धीची सही शेवटच्या पानावर होती, पहिलं पान बदललं. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. या कचेऱ्यांमध्ये माणसाचं वाटोळं करायला मनात वाईट असावं लागत नाही, फक्त कागद सरळ करायची सवय लागते. नवीन पानावर आलं: 'अर्जदाराच्या डोक्याचे हाड मोडलेले असून पोटासही गंभीर मार आहे.' पंचाक्षरींनी वाचलं, मान हलवली, शिक्का मारला.

"शब्द जरा इकडचा तिकडं केला," वीरभद्र म्हणाला. "तुम्ही जावा आता, गाडी सापडंल तुळजापूरची."

अयोध्या गेली. एसटीत बसल्यावर तिला वाटलं, आपण कागद परत बघायला पाहिजे होता.

*

घरी पोचली तेव्हा दिवस होता अजून. शंभुलिंग अंगणात खाटेवर बसला होता, पाय खाली सोडून. दुकानातला हवेचा कॉम्प्रेसर त्यांनी घरी आणून ठेवला होता, भिंतीशी, गोणपाटाखाली. तो त्याच्याकडं बघत होता.

"चालू केलास का?" त्यानं विचारलं.

"म्या आत्ता आलेय."

"मघापासून सूं सूं चाललंय."

अयोध्यानं कान दिला. काहीच नव्हतं. मग तिनं वाकून बघितलं आणि तिच्या अंगावर काटा आला, कारण आवाज होता. अगदी बारीक. सायकलच्या ट्यूबला थुंकी लावून बघावी तसा. पण कॉम्प्रेसरकडून येत नव्हता.

तिनं नवऱ्याचा सदरा वर केला आणि पोटाला कान लावला. आत पाणी फिरल्यासारखं वाजलं. पोट वाजतंच माणसाचं, ती मनात म्हणाली. भाकरी खाल्ली की वाजतं. तिनं कान काढला तेव्हा शंभुलिंग तिच्याकडं हसून बघत होता.

"आयकलंस?"

"न्हाय."

"तू खोटं बोलायला लागलीस, अयोध्या." तो गंमतीनं म्हणाला, अगदी पहिल्यासारखा, आणि तेच तिला सोसलं नाही. "तो म्हणतोय, जागा कमी पडतीय म्हणून. पहिल्यांदा ऐसपैस व्हता. आता गुडघं छातीला लागायल्यात."

तुळजाबाई दारातून सगळं ऐकत होती. ती आत गेली. विभूतीची वाटी घेऊन आली.

*

कंपनीच्या वकिलांचं म्हणणं आलं. वकिलांचं नाव रणधीर, कोर्टात उंच, आवाजानं गोड. त्यांनी लिहिलं होतं: मूळ दाव्यात पोटाच्या दुखापतीचा एका अक्षरानंही उल्लेख नाही. दवाखान्याच्या कागदात पोटाच्या माराची नोंद नाही. घाई दाखवण्यासाठी खोटा मजकूर घातला आहे. अर्ज फेटाळावा.

समृद्धी ते वाचून उभीच राहिली. मग तिनं अर्जाचं पहिलं पान काढून बघितलं.

"वीरभद्रकाका! हे काय केलं तुम्ही?"

"ताई, हरकत निघाली असती..."

"निघू द्यायची होती! हरकतीला मी उत्तर दिलं असतं. आता माझ्या सहीवर खोटं बसलंय."

"मी शब्द सरळ केला फक्त," वीरभद्र म्हणाला. "मला काय ठाऊक पोटात खरंच... ताई, मला वाटलं ही बाई घाबरून काहीबाही बोलतीय."

समृद्धीनं चूक झाल्याची पुरसीस, म्हणजे लेखी कबुली, दिली, मूळ मजकूर परत जोडला. साहेबांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. एकात पोटाला मार. दुसऱ्यात पोटात डोकं. त्यांनी ते पुन्हा एकदा वाचले. मग म्हणाले, "अर्जदाराला आणता येईल का इथं? येत असेल तर आणा. मी स्वतः बघतो. मग अर्जावर ठरवू."

रणधीर वकील खाली बसता बसता म्हणाले, "अवश्य आणावं. आम्हालाही बघायचंय."

*

भाड्याच्या जीपमध्ये मागच्या सीटवर त्याला आडवं घातलं. डोकं म्हातारीच्या मांडीवर, पाय अयोध्याच्या. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला म्हातारी त्या उघड्या जागेवर हात धरायची आणि ड्रायव्हरला शिव्या घालायची. अयोध्यानं नवऱ्याला परत परत सांगितलं: हाकेचं काही बोलायचं नाही. साहेबांनी विचारलं तेवढंच. शिपायानं नाव पुकारलं की 'ओ' द्यायची आणि आत जायचं.

शंभुलिंगचा हात पोटावर होता.

व्हरांड्यातल्या बाकावर त्याला बसवलं. डोक्यावर टॉवेल. आजूबाजूला माणसंच माणसं, काळे कोट, पोलीस, पान खाऊन आलेले पक्षकार, आणि तरी त्यांच्या बाकाशेजारी मोकळी जागा राहिली होती. कोणी तिथं उभं राहत नव्हतं. टॉवेल एका बाजूला आत गेलेला दिसत होता, आणि त्याच्या कापडाला धडधड होती.

समृद्धीला मधेच खालच्या मजल्यावरच्या कोर्टातून बोलावणं आलं. "दोन मिनिटांत येते. आपलं पुकारलं तर सांगा, हजर आहे. वीरभद्रकाका, तुम्ही माझ्याबरोबर फाईल घेऊन चला."

ती जिना उतरली आणि दारातून शिपाई बाहेर आला. बारीक, वाकडी टोपी, आवाज मात्र माणसापेक्षा मोठा.

"शंभुलिंग बसवणप्पा बिराजदाऽऽर! हाजिर?"

शंभुलिंगचा हात झटकन पोटावर गेला.

"आवं, ओ द्या की," अयोध्या म्हणाली.

त्यानं ओठावर बोट ठेवलं.

"हाय, हाय! हितं हाय!" अयोध्या ओरडली.

"मग आत आणा," शिपाई म्हणाला. "शंभुलिंग बसवणप्पा बिराजदाऽऽर!"

अयोध्यानं त्याच्या काखेत हात घातला. तो उठेना. दुसऱ्या हातानं त्यानं बाकाचा लोखंडी दांडा धरला होता आणि बोटं पांढरी पडली होती. सहा महिने खाटेवर पडलेल्या माणसात एवढं बळ कुठून आलं होतं कोण जाणे.

"उठा की! साहेब वाट बघायलेत."

"तो न्हाय तो," शंभुलिंग हळू म्हणाला. "शिपाई न्हाय. तोच आवाज हाय. पूर्ण नाव घेतोय बघ. त्या दिवशी म्या पहिल्याच हाकेला ओ दिली."

"आवं, शिपाई हाय. टोपी बगा."

"दोन हाका तोबी मारतो. तिसरी मारायला त्याला येत न्हाय. तिसरी आली की उठतो म्या."

अयोध्यानं सासूकडं बघितलं. तुळजाबाईनं मान खाली घातली. तिनंच शिकवलं होतं ते, पोरगा रानात शेळ्या घेऊन जायचा तेव्हा. बोलावणारा दिसत नसेल तर तिसऱ्या हाकेशिवाय तोंड उघडायचं नाही. सगळ्या आया शिकवतात. हा एक दिवस विसरला आणि त्याची कवटी गेली.

"ओ भाऊ," अयोध्या शिपायाला म्हणाली, "आणिक एकदा पुकारा की. एकदाच."

"दोनदा झालं. तुम्ही समोर बसलाय, मी काय भजन म्हणू का इथं? येत नसतील तर तसं सांगतो आत. आज बोर्डावर लई प्रकरणं हायत." आणि तो वळून आत गेला.

आतून रणधीर वकिलांचा गोड आवाज आला. "साहेब, अर्जदार येण्याच्या परिस्थितीत नाही, किंवा येऊ इच्छित नाही..."

अयोध्याला कळलं की आता दार बंद होणार. दार म्हणजे लाकडाचं नव्हे. आता कोणीतरी एक ओळ लिहिणार, अर्जदार गैरहजर, अर्ज निकाली, आणि तारीख जिथं होती तिथंच राहणार, उन्हाळ्याच्या पलीकडं. तोवर ती सकाळी हात ठेवील आणि हाताला काही लागणार नाही.

लग्न झाल्यापासून तिनं नवऱ्याचं नाव कधी घेतलं नव्हतं. दवाखान्यात लिहून द्यायची. पोलिसाला सासूकडून सांगायची. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, असं तिची आई म्हणायची, आणि अयोध्याचा त्यावर विश्वास होता का नव्हता हे तिनं कधी तपासलं नव्हतं. कशाला तपासा. आता तपासायची वेळ आली होती.

तुळजाबाईला ते तिच्या तोंडावर दिसलं. "गं बया, नगं," म्हातारी म्हणाली आणि तिच्या तोंडाकडं हात नेला. "तू नगं. म्या मारते हाक."

"तुमी शंभू म्हणता. त्याला पूर्ण लागतं."

तिनं सासूचा हात बाजूला केला.

"शंभुलिंग बसवणप्पा बिराजदार!"

पान खाणारे थांबले. जिन्यावरून धावत वर येणारी समृद्धी अर्ध्या पायरीवर थांबली. एवढा आवाज आपल्यात होता हे अयोध्याला ठाऊक नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तो आपलाच होता अशी तिची खात्रीही नव्हती. तो तिच्या तोंडातून निघाला, पण भिंतीवर आपटून परत आला तेव्हा बाईचा वाटला नाही.

शंभुलिंगनं दांडा सोडला.

"ओ," तो म्हणाला आणि उठून उभा राहिला. टॉवेल खाली पडला.

*

साहेबांनी त्याला खुर्ची द्यायला लावली आणि स्वतः चष्मा काढून पुढं वाकले. तो खळगा, त्यात हलणारी कातडी, सगळ्या कोर्टानं बघितली. रणधीर वकील कागदात काहीतरी शोधायला लागले, जे त्या कागदात नव्हतं.

"नाव काय तुमचं?" साहेबांनी विचारलं.

"आत्ता घेतलं की हिनं."

कोणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. साहेब हसले नाहीत. "ऐकलं मी," ते म्हणाले. "गाव?"

"नळदुर्ग. हायवेवर दुकान हाय."

"या कोण?"

"बायकू. आणि ती आई."

"पोटाला काय झालंय?"

समृद्धी बोलायला पुढं झाली, पण शंभुलिंगनं सदरा वर केला होता. विभूतीच्या तीन ओळींखाली कातडी उचललेली दिसत होती, आणि तिच्याखाली कवटीची गोलाई. इतकी स्पष्ट की बघणाऱ्याचा हात आपोआप आपल्या डोक्याकडं जावा. दारातून फाईल घेऊन आलेल्या पंचाक्षरीबाबूंचा गेला. ते तसेच हात डोक्यावर ठेवून उभे राहिले.

"काही त्रास होतो का?" साहेबांनी विचारलं.

"साहेब, अर्जदारालाच विचारू द्या, अपघात कसा—" रणधीर वकील उठले.

शंभुलिंगनं तोंड उघडलं. अयोध्या एक पाऊल पुढं सरली.

"आज पुरावा नाही," साहेब म्हणाले. "खाली बसा." आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली, टायपिस्ट टाईप करत गेला: अर्जदारास न्यायाधिकरणाने समक्ष पाहिले. प्रश्न समजतात, उत्तरे देतो. डोक्याच्या डाव्या बाजूचे हाड नाही. सदर हाड पोटाच्या कातडीखाली असल्याचे दिसते. अर्जातील आधीचा मजकूर चुकीचा होता, पुरसीसनुसार दुरुस्त समजावा. अर्ज मंजूर. प्रकरण पुढच्या आठवड्यात पुराव्यास ठेवावे. विमा कंपनीने उलटतपास त्याच दिवशी घ्यावा, तहकुबी मागू नये.

"कंपनीचं काही?"

"मर्जी साहेबांची," रणधीर वकील म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच गोड नव्हता.

बाहेर आल्यावर समृद्धीनं हुकमाची झेरॉक्स अयोध्याला दिली आणि तिचे दोन्ही हात धरले. वीरभद्र लांब उभा होता, खिशातली पेनं काढून परत ठेवत. पंचाक्षरीबाबू मान खाली घालून त्यांच्याजवळून गेले. त्या बाईनं खिडकीवर खरं सांगितलं होतं आणि ते हसले होते.

*

जीप तुळजापूरजवळ आली. म्हातारीला झोप लागली होती. उन्हं तिरपी झाली होती आणि शंभुलिंग उघड्या डोळ्यांनी जीपच्या टपाकडं बघत पडला होता.

"तारीख मिळाली," अयोध्या म्हणाली. "पुढच्याच आठवड्यात. मग कंपनी मिटवती म्हणाल्या वकीलबाई. मग सोलापूर."

"व्हय."

"आता हाक मारतोय का?"

त्यानं पोटावर हात ठेवून ऐकलं. बराच वेळ ऐकलं.

"न्हाय."

"कवापासनं?"

"तू नाव घेतलंस तवापासनं. गप झालाय."

तिला बरं वाटायला पाहिजे होतं. तिनं स्वतःला तसं सांगितलंही. मग तिचा हात सदऱ्याखाली गेला, विभूती पुसत, बेंबीच्या उजव्या अंगाला. सकाळी, निघताना, कड चार बोटांवर लागली होती. तिथं तिनं दाबलं. मऊ लागलं. बोटं आत सरकवली. मऊ. आणखी आत.

"काय करतीस?" शंभुलिंग म्हणाला.

"काय न्हाय. पडा."

मग लागली. कड होती. पण सकाळपेक्षा बोटभर आत होती, आणि धारदार राहिली नव्हती, पाण्यानं खाल्लेल्या गोट्यासारखी गुळगुळीत झाली होती. अयोध्यानं ती दोन बोटांत धरून ठेवली, लहान पोराचं मनगट गर्दीत धरावं तशी, आणि ड्रायव्हरला म्हणाली, "दादा, नळदुर्गाला नगं. गाडी सोलापूरला घ्या. तारीख पुढच्या आठवड्यात हाय. डॉक्टरला आजच दावते. हुकमाचा कागदबी दावते. बगू कसा न्हाय म्हणतो."

ड्रायव्हरनं आरशात बघितलं. मग सोलापूरच्या रस्त्याला, तामलवाडीच्या दिशेनं त्यानं गाडी वळवली.

अयोध्यानं बोटं सोडली नाहीत.